सरपंचबाईंचे पहिले भाषण : कथेतील कलाटणीचा एक विचार

ग्रामीण जीवनावरील अलीकडच्या कथालेखनात एक प्रसंग वारंवार येऊ लागला आहे. आरक्षणाच्या सोडतीमुळे सरपंचपद स्त्रीकडे येते. घरातील पुरुषांनी पुढे केलेली एक सून वा पत्नी निवडून येते. काही काळ ती केवळ सही करते. आणि मग एका सभेत ती प्रथमच बोलते. त्या भाषणाने कथेला कलाटणी मिळावी अशी लेखकाची अपेक्षा असते. ती नेहमीच पुरी होते असे नाही. पुष्कळदा भाषण चांगले असते, टाळ्याही पडतात, पण कथा जेथे होती तेथेच राहते. असे का होते, आणि भाषण कथेची कलाटणी व्हावयाचे असेल तर त्याच्या ठिकाणी कोणते गुण असावे लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित कथा घेतली आहे. तिचे स्थळ खालापूर तालुक्यातील मोहोपाड्याच्या परिसरातील एक गाव असे मानले आहे. गाव, पात्रे व प्रसंग सर्वस्वी काल्पनिक आहेत.

प्रथम कलाटणी या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या कथानकाची चर्चा करताना दोन घटक वेगळे काढले आहेत. एक, परिस्थितीचे विपरीत दिशेने पालटणे. दुसरा, अज्ञानातून ज्ञानाकडे जाणे. हे दोन्ही घटक एकाच क्षणी घडून आले म्हणजे कथानक सर्वांत प्रभावी होते असे त्याचे मत आहे, आणि त्यासाठी तो ईडिपसचे उदाहरण देतो. भाषणाच्या बाबतीत अडचण येते ती येथेच. भाषण करणाऱ्याला आपण काय बोलणार हे आधीच ठाऊक असते. त्यामुळे भाषणातून वक्त्याला स्वतःला नवे काही कळण्याचा संभव फार थोडा असतो, आणि ऐकणाऱ्यांना कळले तरी त्यांनी टाळ्या वाजवून घरी जावे यात परिस्थिती पालटत नाही. भाषण हे मत व्यक्त करते. कलाटणीला मात्र कृती हवी असते.

मग बोलणे हीच कृती होते असे प्रसंग असतात काय? असतात. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत याच प्रश्नाचे विवेचन आहे. ‘सभा तहकूब झाली असे मी जाहीर करतो’ हे वाक्य एखाद्या घटनेचे वर्णन करीत नाही; ते उच्चारताच सभा तहकूब होते. मात्र त्यासाठी बोलणारी व्यक्ती त्या अधिकारावर असावी लागते, प्रसंग योग्य असावा लागतो आणि ठरलेली पद्धत पाळली जावी लागते. यांपैकी एक जरी अट सुटली तरी वाक्य पोकळ ठरते. सरपंचबाईंच्या भाषणाचे मर्म या अटींत आहे. निवडून येण्यापूर्वी तिने हेच शब्द पाणवठ्यावर शंभर वेळा उच्चारले असतील. सभेच्या अध्यक्षस्थानावरून उच्चारताच ते निराळे होतात. म्हणून कथाकाराने तिच्या वक्तृत्वाचा विचार करण्याआधी तिच्या अधिकाराचा विचार केला पाहिजे.

स्त्रीने भर सभेत प्रथमच बोलावे आणि त्याने कथेला कलाटणी मिळावी, याचे आपल्या परंपरेतील सर्वांत मोठे उदाहरण महाभारताच्या सभापर्वात आहे. द्यूतात हरलेल्या द्रौपदीला सभेत आणण्यासाठी प्रातिकामी येतो, तेव्हा ती विलाप करीत नाही. ती एक प्रश्न परत पाठविते. युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावले की मला? पुढे सभेत खेचून आणल्यावरही ती हाच प्रश्न धरून बसते. या प्रश्नाचे तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. तो न्यायाची याचना करणारा नसून व्यवहाराच्या नियमासंबंधीचा आहे. तो तिच्या पतीच्या कृत्यासंबंधीचा आहे. आणि त्याला कोणतेही उत्तर दिले तरी सभेची अडचण होते. म्हणूनच धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म उत्तर टाळतात. विकर्ण उठून बोलतो तो या प्रश्नामुळे. धृतराष्ट्राला वर द्यावे लागतात तेही अखेर हा प्रश्न अनुत्तरित राहिल्यामुळे. द्रौपदीने सभेला उपदेश केला असता तर तिच्या बोलण्याने सभा थोडीफार हेलावली असती. प्रश्नाने सभेची बैठकच मोडली.

सभापर्वाचा आधार घ्यावयाचा तो एवढ्याचसाठी. आधुनिक सरपंचबाईंना द्रौपदीचे तेज द्यावे असे सुचवावयाचे नाही. उलट, सभेच्या नियमातूनच प्रश्न काढण्याची तिची रीत कथाकाराने पाहावी, असे म्हणावयाचे आहे. आणि त्यासाठी ग्रामपंचायतीच्या सभेचे नियम काय आहेत हे त्याला माहीत असले पाहिजे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या अधिनियमाने चालतो. स्त्रियांचा या कारभारातील प्रवेश आरक्षणापूर्वीचाही आहे. बारामती तालुक्यातील निंबुत येथे १९६३ मध्ये सर्व सदस्य स्त्रियाच असलेली पंचायत अस्तित्वात आली होती. १९८६ मध्ये चांदवड येथे भरलेल्या शेतकरी महिलांच्या अधिवेशनानंतर ग्रामीण स्त्रियांनी पंचायतीच्या निवडणुका लढविण्याचा विचार जोर धरू लागला. परंतु ज्या स्त्रीची आपल्या कथेला गरज आहे, म्हणजे राजकारणाची इच्छा वा तयारी नसता पदावर आलेली स्त्री, ती संख्येने पुढे आली ती १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे. तीत एकतृतीयांश जागा व पदे स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आली. महाराष्ट्राने हे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यावर नेले. सरपंचाची निवड पूर्वी सदस्यांतून होई. २०१७ मध्ये ती थेट मतदारांकडून होऊ लागली, २०२० मध्ये ही पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

हा तपशील कथेबाहेरचा वाटेल, परंतु तसे नाही. सदस्यांतून सरपंच निवडला जात असे तेव्हा पंचायतीच्या पहिल्या सभेत निवडणुकीखेरीज दुसरे कामकाज होत नसे आणि त्या सभेचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकाऱ्याने नेमलेला अधिकारी भूषवीत असे. त्या दिवशी सरपंचबाईंनी केलेले भाषण आभाराचे असणार, आणि त्यातून काहीही घडणे शक्य नव्हते. अनेक कथांत पहिले भाषण हार-गुलालाच्या याच दिवशी योजलेले असते. कथा तेथेच फसते, कारण ऑस्टिनने सांगितलेली प्रसंगाची अट तेथे पुरी होत नाही. थेट निवडलेल्या सरपंचाची स्थिती थोडी वेगळी आहे, कारण उपसरपंचाच्या निवडीची सभा तिच्याच अध्यक्षतेखाली होते. तरीही तेथे विषय एकच असतो. तेव्हा कलाटणीची खरी जागा म्हणजे पहिली ग्रामसभा. तीत गावचे सर्व मतदार बसू शकतात, सरपंच अध्यक्ष असते, पंचायतीचा सचिव इतिवृत्त लिहितो, आणि तेथे जे लिहिले जाते ते पुढे सरकारी कागद होऊन फिरते. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आहे.

ग्रामसभेची विषयपत्रिका ज्याने पाहिली असेल त्याला तिचा आरंभ व शेवट परिचित असतो. पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ आणि शेवटचा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. नवशिका कथाकार आपल्या नायिकेचे भाषण या शेवटच्या विषयात घालतो, कारण तेथे काहीही बोलण्यास मोकळीक असते. मोकळीक असते हे खरे. पण म्हणूनच तेथे बोललेल्याला वजन नसते, आणि तोवर माणसे उठू लागलेली असतात. कलाटणीच्या दृष्टीने मोलाचा आहे तो पहिला विषय. तो प्रत्येक सभेत असतो, कोणी त्याकडे लक्ष देत नाही, आणि पुष्कळदा इतिवृत्त न वाचताच ‘वाचून कायम’ होते.

आता आपली कल्पित कथा पाहू. पाताळगंगेच्या खोऱ्यातील हे गाव. खोपोलीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी या नदीला येते. त्याच पाण्याच्या आधारे रसायनीच्या आसपास कारखाने उभे राहिले. गावाला लागून डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची एक वाडी आहे आणि उन्हाळ्यात तेथील बायका हंडे घेऊन गावातल्या नळावर येतात. सरपंचपद स्त्रीसाठी राखीव होते. ज्या गृहस्थांनी मागील पाच वर्षे पंचायत चालविली त्यांनी पत्नीला उभे केले आणि ती निवडून आली. सगळे तिला ‘वहिनी’ म्हणतात. तिच्या नवऱ्याला ‘सरपंच’ म्हणतात. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी स्त्रियांची सभा झाली. तीत वाडीतल्या एका बाईने नळाविषयी विचारले तेव्हा सचिवाने ‘नोंद घेतो’ असे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरते. नवऱ्याने लिहून दिलेले आभाराचे भाषण वहिनींच्या हातात आहे.

सचिव उभा राहून एका दमात म्हणतो, ‘विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात येत आहे.’ आणि तो विषय क्रमांक दोनकडे वळतो. सरपंचबाई म्हणतात, ‘वाचलं कुठं? वाचा की.’ त्यांच्या मनात यावेळी बंडाचा लवलेशही नाही. वाचून कायम करायचे असे लिहिले आहे, तर वाचायला हवे, एवढीच त्यांची समजूत आहे. सचिव हसतो, मग वाचू लागतो. चौथ्या ठरावापाशी येताच मागे बसलेल्या वाडीतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागतात. वाडीच्या नळपाणी योजनेचे काम पूर्ण झाले असून अंतिम देयक अदा करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर. आणि पुढे सूचकाचे नाव. ते सरपंचबाईंच्या नवऱ्याचे आहे.

येथे कथाकारापुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट अशी की सरपंचबाई उठून म्हणतात, वाडीत नळ नाही, हा भ्रष्टाचार आहे, मी तो चालू देणार नाही. हे वाक्य प्रभावी वाटते, पण सभेच्या नियमात ते बसत नाही. इतिवृत्त कायम करणे म्हणजे त्यातील ठराव योग्य होता असे म्हणणे नव्हे. मागील सभेत जे ठरले तेच येथे लिहिले आहे, एवढेच मान्य करणे होय. सचिव तिला तसे सांगेल, बाकीचे मान डोलावतील, आणि ती कायद्याने चूक ठरून खाली बसेल. दुसरी वाट याच नियमातून निघते. नळ आला की नाही, हा प्रश्न ती विचारीत नाही. मागील सभेत हा ठराव मांडला गेला होता काय, हे ती विचारते. आणि ज्याने तो मांडल्याचे लिहिले आहे त्यालाच विचारते. ‘सूचक म्हणून आपलं नाव लिहिलंय. आपण ही सूचना मांडली होती का?’

या प्रश्नात द्रौपदीच्या प्रश्नाचे तिन्ही विशेष आलेले दिसतील. तो नियमाचा आहे, पतीच्या कृत्यासंबंधीचा आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही. ‘होय’ म्हणावे तर न झालेल्या कामाचे देयक आपण मंजूर करविले हे सर्वांसमक्ष मान्य होते. ‘नाही’ म्हणावे तर दप्तर खोटे ठरते. आणि ॲरिस्टॉटलची अपेक्षाही येथे पुरी होते. घरातल्या माणसाचे नाव ऐकण्यापूर्वी तिला हे ठाऊक नव्हते. कळणे आणि पालटणे एकाच क्षणी घडते. तिने काहीतरी जाहीर करण्याचे ठरवून ती सभेला आली असती तर हा लाभ झाला नसता. लिहून आणलेले भाषण हातात राहणे आणि न लिहिलेला प्रश्न तोंडून निघणे, यांतच या प्रसंगाचे बळ आहे.

प्रश्नानंतर नवरा गप्प राहतो. सचिव हळूच म्हणतो, ‘वहिनी, हे नंतर बघू.’ तिला आता निर्णय द्यावा लागतो, आणि तो एका वाक्याचा आहे : ‘हे इतिवृत्त कायम झालेलं नाही, असं लिहा.’ अध्यक्ष या नात्याने उच्चारलेले हे वाक्य हीच या कथेतील कृती होय. भाषण म्हणावे असे तिचे सारे बोलणे तीन-चार वाक्यांत संपते. अनेकांना हे अपुरे वाटेल. परंतु कथेत भाषणाची लांबी व त्याचा परिणाम यांचे प्रमाण बहुधा व्यस्त असते, कारण लांब भाषणात वाचकाचे लक्ष बोलणाऱ्याच्या विचारांवर राहते, तर थोडक्या बोलण्यात ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे वळते.

या प्रसंगाला भाषेची एक बाजू आहे आणि मराठी कथाकाराला ती विशेष उपयोगाची आहे. आपल्याकडे पतीचे नाव घेणे हा विवाहित स्त्रीच्या बाबतीत जुना संकोचाचा विषय आहे. ते घ्यावयाचे तर उखाण्यात घ्यावयाचे, एरवी ‘अहो’ वा ‘हे’ अशा शब्दांनी निभावून न्यायचे. वर दिलेल्या प्रश्नात तिने ‘आपलं नाव’ एवढेच म्हटले आहे. पण इतिवृत्तात काय लिहावयाचे हे सांगताना सचिव विचारील, ‘कोणाला विचारणा केली असं लिहू?’ आणि तेव्हा तिला ते नाव उच्चारावे लागेल. उखाण्याशिवाय, दप्तरात लिहिण्यासाठी उच्चारलेले ते पहिले नाव. त्याच्यावर लेखकाने एकही शब्द भाष्य म्हणून खर्च करू नये. मराठी वाचकाला ते पुरेसे ऐकू येते.

तसेच संबोधनाचे. कलाटणी झाली की नाही हे कथाकाराने सांगण्याचे कारण नाही; इतर पात्रे तिला काय म्हणतात यावरून ते कळते. ‘वहिनी’ हा शब्द आदराचा आहे, पण तो तिला नवऱ्याच्या नात्याने ओळखतो. ‘मॅडम’ हा कचेरीचा शब्द आहे. सचिव अडचणीत आला की तो वापरील. वाडीतील बाई उठून जेव्हा ‘सरपंच, आमचा नळ कुठंय?’ असे विचारते, तेव्हा पद प्रथमच त्याच्या जागी येते, कारण तोवर तो शब्द दुसऱ्याच माणसाला लागू होता. क्रियापदही येथे मदत करते. ‘सरपंच आले’ असे गाव आजवर म्हणत होते. ‘सरपंच आल्या’ हे निवेदकाने या प्रसंगानंतर प्रथमच लिहावे.

तमिळनाडूतील ग्रामसभांतील संभाषणांच्या लिखित नोंदींवर आधारित असा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, स्त्रिया सभेत बोलल्या तरी त्यांच्या मुद्द्याला विषयाला धरून उत्तर मिळण्याचा संभव पुरुषांच्या मानाने कमी असतो. अध्यक्षस्थानी स्त्री असेल तर स्त्रियांच्या बोलण्याला प्रतिसाद अधिक मिळतो. कथाकाराच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. स्त्री प्रथमच बोलली यापेक्षा एका स्त्रीला प्रथमच उत्तर मिळाले, ही घटना अधिक दुर्मिळ आहे. आपल्या कथेतील खरा शेवटचा ठोका म्हणूनच सरपंचबाईंच्या वाक्यावर पडत नाही. आदल्या दिवशी ‘नोंद घेतो’ असे ऐकून गप्प बसलेल्या बाईचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सचिवाला लिहून घ्यावा लागतो, तेथे तो पडतो.

आता कलाटणीनंतरचा भाग. येथे सर्वांत जास्त चुका होतात. विरोधी पात्र तात्काळ खचते, गाव जयजयकार करते, वाडीला नळ येतो. प्रत्यक्षात इतिवृत्त कायम न झाल्याने नळ येत नाही; फक्त एक कागद अडतो. शिवाय ज्यांचा कागद अडला ते स्वस्थ बसत नाहीत. मात्र त्यांचे मार्गही नियमांनी आखलेले आहेत. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षे अविश्वासाचा ठराव आणता येत नाही, आणि पुढे आणला तरी तो ग्रामसभेपुढे जावा लागतो. तेव्हा ‘दुसऱ्याच दिवशी तिला पायउतार केले’ असा शेवट असंभवनीय ठरतो. उलट, सदस्यांनी मासिक सभेला येऊ नये आणि गणपूर्तीअभावी ती तहकूब व्हावी, सचिवाने रजेवर जावे, पंचायतीच्या निधीतून पैसे काढण्यासाठी सरपंच व सचिव या दोघांच्या सह्या लागतात म्हणून एकेक धनादेश अडून राहावा, आणि घरी जेवणाच्या वेळी कोणी काही बोलू नये, असा संथ दबाव वास्तवाला धरून आहे. कलाटणीची किंमत या संथ भागात मोजली जाते.

कथा लिहून झाल्यावर लेखकाने, आणि कथेचे परीक्षण करताना विद्यार्थ्याने, दोन कसोट्या लावून पाहाव्यात. भाषण समूळ काढून टाकले तर पुढचे प्रसंग जसेच्या तसे उभे राहतात काय? राहत असतील तर ते भाषण म्हणजे केवळ लेखकाचे मत आहे. आणि तेच शब्द दुसऱ्या एखाद्या पात्राने, दुसऱ्या जागी उच्चारले असते तर तोच परिणाम झाला असता काय? झाला असता तर लेखकाने पदाचा उपयोगच केलेला नाही. आपल्या कल्पित कथेत ‘वाचलं कुठं?’ हे दोन शब्द काढले तर देयक त्याच दिवशी मंजूर झाले असते. आणि ते सभेतील दुसऱ्या कोणी उच्चारले असते तर अध्यक्षांनी ‘पुढचा विषय घ्या’ म्हणून ते पुसून टाकले असते. दोन्ही कसोट्यांना हे शब्द उतरतात, याचे कारण त्यांची जागा : विषय क्रमांक एक, अध्यक्षांचे आसन, आणि समोर उघडलेले इतिवृत्ताचे पुस्तक.